कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला गेज नसतो, साहेब

प्रति,
मा. मंत्रीमहोदय,
(अग्निशमन सेवा ज्यांच्या खात्यात येते ते)

विषय: अग्निशामक सिलिंडरांचं तपासणी रजिस्टर, त्यावरच्या सह्या आणि ‘निकाली’ निघालेली माझी तक्रार.

महोदय,

सविनय नमस्कार. मी ठाण्यात वर्तकनगर भागात राहतो. दोन विंग, सात मजले, ५६ बिऱ्हाडं. बँकेच्या नोकरीत ३१ वर्षं लेजर तपासण्यात गेली, म्हणून निवृत्त झाल्यावर सोसायटीने सचिवपद गळ्यात मारलं. काल दुपारी मोबाइलवर मेसेज आला, ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ त्यावरून हे पत्र लिहितोय. सौजन्य शेवटपर्यंत टिकवायचा प्रयत्न करीन.

दसऱ्याच्या आदल्या रात्री आमच्या ए विंगच्या मीटर रूममध्ये आग लागली. दार उघडलं तेव्हा आग मोठी नव्हती, एका मीटरखालची वायर पेटलेली होती. बाहेर भिंतीला कार्बन डायऑक्साइडचा साडेचार किलोचा सिलिंडर, काळ्या भोंग्याचा. विजेच्या आगीवर तोच वापरायचा, एवढं मला माहीत होतं. पिन ओढली, दांडा दाबला. फुस्स. सोड्याची बाटली दोन दिवस उघडी ठेवून पुन्हा हलवावी, तेवढाच आवाज. मग पहिल्या मजल्यावरून एबीसी पावडरचा सहा किलोवाला आणला. गेजचा, म्हणजे दाब दाखवणाऱ्या तबकडीचा, काटा हिरव्यात. दोन सेकंद पावडर आली आणि थांबली. वाळूच्या बादलीत हात घातला तर वाळू कमी आणि गुटख्याच्या पुड्या जास्त.

तोवर शेजारच्या पाच-सहा मीटरांनी पेट घेतला. खाली लावलेली माझी स्कूटर ओढायला गेलो, तर वरून वितळलेलं प्लास्टिक डाव्या मनगटावर पडलं. बायकोच्या गुडघ्याची वाटी मार्चमध्ये बदललेली. तिला पाचव्या मजल्यावरून धुरातून, एक-एक पायरी बसत-बसत उतरावं लागलं. अजून ती जिना बघितला की कठड्याला घट्ट धरून उभी राहते. अग्निशमनची गाडी पंधरा-वीस मिनिटांत आली असेल, घड्याळ कोणी बघितलं? त्या पोरांबद्दल माझी काडीची तक्रार नाही. त्यांनी आधी वीज तोडून घेतली, मग दहा मिनिटांत सगळं शांत केलं. त्यांच्यातला एक जण मीटर रूमबाहेरचा आमचा सिलिंडर एका हाताने उचलून म्हणाला, ‘काका, हा रिकामा आहे. वजनावरून कळतं.’

त्या वाक्याने माझी झोप उडवली, मनगटाने नव्हे. दुसऱ्या दिवशी मी रजिस्टर काढलं.

साहेब, रजिस्टर बघण्यासारखं आहे. हिरवा कापडी पुठ्ठा, प्रत्येक सिलिंडरला एक ओळ: नंबर, जागा, प्रकार, भरल्याची तारीख, पुढची तारीख, दाबचाचणी, पुढची दाबचाचणी. मग दर महिन्याचे रकाने: पिन, सील, पाइप, गेज, शेरा, सही. एकही रकाना रिकामा नाही. ३१ वर्षांच्या नोकरीत इतकं स्वच्छ लेजर माझ्यासमोर आलं असतं, तर मला तेव्हाच वास आला असता. मीटर रूमच्या सिलिंडरपुढे, गेजच्या रकान्यात, सलग १८ महिने लिहिलंय: ‘हिरवा’.

कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला गेज नसतोच.

हे मला त्या रात्रीपर्यंत माहीत नव्हतं, म्हणून इथे नीट सांगतो. पावडरच्या सिलिंडरमध्ये वर दाबाखाली वायू असतो, तो गळला की काटा खाली येतो. कार्बन डायऑक्साइड आत द्रवरूपात असतो. थोडा गळला की तेवढ्या द्रवाचा वायू होतो आणि दाब जवळपास पूर्वीइतकाच राहतो. शेवटचा थेंब संपेपर्यंत दाबावरून काही कळत नाही. म्हणून गेज बसवतच नाहीत, सिलिंडर वजनकाट्यावर ठेवतात. रिकामं वजन त्याच्या अंगावर कोरलेलं असतं. आतला वायू दहा टक्क्यांपेक्षा जास्त घटला की पुन्हा भरायचा.

गच्चीवर लिफ्टच्या मशीन रूममध्ये असाच दुसरा सिलिंडर आहे, त्याला कोणी कधी हात लावलेला नाही. तो मी वॉचमनच्या मदतीने खाली आणून रद्दीवाल्याच्या काट्याला लटकवला. अंगावर रिकामं वजन ११.३ किलो. त्यात साडेचार मिळवले की १५.८ भरायला हवं, आणि १५.३५ च्या खाली गेला की बाद. काट्याने दाखवलं १२.९. रद्दीवाल्याचा काटा अर्धा किलो खोटा धरा (खोटा असलाच तर त्याच्याच फायद्याचा असणार), तरी दोन किलोंच्या वर वायू उडालेला. रजिस्टरमध्ये याच्यापुढेही गेज ‘हिरवा’, शेरा ‘ओके’. आणि वजनाचा रकाना? अख्ख्या वहीत नाही. म्हणजे एखाद्या प्रामाणिक माणसाने ही वही इमानेइतबारे भरली असती, तरी हा सिलिंडर रिकामा आहे हे तिच्यात उमटलंच नसतं.

मग याच सिलिंडरच्या मानेवरचे आकडे बघितले. दाबचाचणी झाली की तिचं वर्ष धातूवर ठोकून उमटवतात. या प्रकाराला ती दर पाच वर्षांनी. मानेवर आहे २०१४. रजिस्टरमध्ये, आणि रजिस्टरला जुळणाऱ्या चकचकीत स्टिकरवर, चाचणी २०२२ मध्ये झाली आणि पुढची २०२७ मध्ये. स्टिकर आणि वही एकमेकांशी तंतोतंत जुळतात, कारण दोन्ही एकाच माणसाने एकाच खुर्चीत बसून लिहिलीत. धातूला कोणी विचारलंच नाही. पावडरचे उरलेले १९ सिलिंडर मी उलटे करून कानाशी धरले. आत पावडर सरकल्याचं सातांमध्ये जाणवलं नाही. गठ्ठा बसलेला असणार. काटे मात्र सगळे हिरवे, कारण काटा दाब दाखवतो, पावडर मोकळी आहे की दगड झालीय ते दाखवत नाही. हा माझा अडाण्याचा तपास आहे, दोन-तीन चुकलेही असतील.

आता सह्यांकडे. जुनी सवय, एक वही दुसरीशी ताडून बघायची. वॉचमनच्या गेटवहीत सिलिंडर तपासणाऱ्या एजन्सीचा माणूस १४ जूनला ११.१० ला आला, ११.३५ ला गेला. २५ मिनिटं, २४ सिलिंडर, दोन विंग, दोन गच्च्या. शिवाय चहा माझ्याच घरी घेतला. तपासणी रजिस्टरमध्ये मात्र त्याची एप्रिलची सही आहे, मेची आहे, जूनची आहे. गेटवहीप्रमाणे एप्रिल-मेमध्ये तो फिरकलेलाच नाही. तिन्ही महिन्यांची शाई एक, आणि जूनच्या ओळीत जिथे पेन अडकलाय, तिथेच एप्रिलच्या ओळीतही अडकलाय.

आणि प्रत्येक पानाच्या तळाशी, ‘पडताळणी केली – सचिव’ या शब्दांपुढे, माझी सही. दोन वर्षं. चहा देताना केलेली. हे लपवून पत्र लिहिता आलं असतं, पण मग वही कोणाला दाखवू? तीन कोटेशनं आली होती, सर्वसाधारण सभेने सगळ्यात स्वस्त घेतलं, तो ठरावही माझ्याच अक्षरात आहे.

तुमच्या ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ प्रमाणे दर जानेवारीत आणि दर जुलैत परवानाधारक एजन्सीने फॉर्म बी द्यायचा असतो: यंत्रणा सुस्थितीत, चालू. आमचा जुलैचा फॉर्म बी वेळेत गेला. आग लागल्यावर एक अधिकारी आले, पंचनामा झाला, ‘आठ दिवसांत एजन्सीची चौकशी लावतो’ म्हणाले. मी भोळा, कॅलेंडरवर गोल केला. आज ४१ दिवस झाले. हाताला पट्टी बांधून तीनदा खेटे घातले. एकदा साहेब मीटिंगमध्ये, एकदा साहेब रजेवर, तिसऱ्यांदा साहेबांची बदली. मग ऑनलाइन तक्रार केली, वजनाचे फोटो जोडले, मानेवरच्या २०१४ चा फोटो जोडला. ती निकाली निघाली. कारण वाचा: ‘सदर इमारतीचे जुलै महिन्याचे फॉर्म बी प्रमाणपत्र कार्यालयास प्राप्त असल्याने.’

ज्याच्यावर खोटं लिहिल्याचा आरोप, त्याचाच लिहिलेला कागद पुरावा म्हणून माझ्या तोंडावर. वा! बँकेत मी असं केलं असतं, तर पेन्शन सोडा, जामीन मिळाला नसता.

साहेब, तुम्ही म्हणाल, एका इमारतीचं काय घेऊन बसलात. एकाच इमारतीचं असतं तर तुम्हाला त्रास दिला नसता. त्याच एजन्सीचे स्टिकर आमच्या गल्लीतल्या निदान आठ-दहा सोसायट्यांत मी स्वतः पाहिलेत. प्रत्येकी २० सिलिंडर धरले तरी दीडशे-दोनशे. ठाण्यात गल्ल्या किती, तुम्हीच मोजा. आपल्याकडे आगीनंतर काय होतं तेही पाठ झालंय: सानुग्रह मदत, समिती, ‘फायर ऑडिट’ची घोषणा. म्हणजे आणखी एक वही, आणखी एक सही, आणखी एक चहा. लिफ्टचा दाखला काचेआड, पाण्याची टाकी धुतल्याचा दाखला नोटीस बोर्डावर, खड्डे बुजवल्याचा दाखला कुठल्याशा फायलीत. दाखले सगळे जागच्या जागी असतात, फक्त लिफ्ट, टाकी आणि रस्ता नसतो. आम्ही कर भरतो त्याची पावती मात्र खरी लागते. तिथे ‘ओके’ लिहून पाठवलं तर चालेल का, एकदा कळवा.

मागण्या तीनच आहेत, रागाच्या भरात राहून जायला नकोत. कार्बन डायऑक्साइडच्या प्रत्येक सिलिंडरपुढे वजनाचा रकाना सक्तीचा करा, आणि त्यात ‘ठीक’ चालणार नाही, किलोचा आकडा लागेल. फॉर्म बीसोबत सिलिंडरच्या मानेवरच्या ठोकलेल्या वर्षाचा फोटो घ्या, स्टिकरचा नको. आणि दर जानेवारी-जुलैत आलेल्या फॉर्मांपैकी थोडे तरी चिठ्ठ्या टाकून उचला आणि तुमचा माणूस काटा घेऊन पाठवा. गॅसच्या हंड्या टांगून मोजायचा काटा पुरतो. नसेल तर आमचा रद्दीवाला द्यायला तयार आहे, मी विचारून ठेवलंय.

आमच्याकडे नवे सिलिंडर आलेत, वर्गणी काढून. वजनाचा रकाना मी पट्टीने आखून घेतलाय. जुनी एजन्सी परवा येऊन गेली. काम दुसरीकडे दिल्याचं कळल्यावर तो माणूस अगदी प्रेमाने म्हणाला, ‘काका, काम कोणालाही द्या. जानेवारीचा फॉर्म बी मात्र आमच्याकडे तयारच आहे, तुमची फक्त सही राहिलीय.’

आपला,
वर्तकनगर, ठाणे येथील एका सोसायटीचा सचिव
(डावं मनगट पट्टीत असल्याने रजिस्टर धरायला त्रास होतो, सही उजव्या हाताने करतो, तो ठणठणीत आहे.)