दाढेआधी हाड: देवगडच्या मित्रास पत्र

रत्नागिरी,
७ जून

प्रिय अनंता,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतची स्कॅनची सीडी, दोन्ही परवा मिळाले. पत्रात तू विचारले आहेस की एका दाढेसाठी आधी सायनस उचलायचे, त्यात हाड भरायचे, मग आठ महिने थांबायचे आणि त्यानंतर कुठे इम्प्लांट, हे खरोखर आवश्यक आहे का, की खर्च वाढवण्याची ती एक रीत आहे. तुझा संशय मला समजतो, कारण दुसऱ्या एका दवाखान्याने आठवड्यात दात बसवून देण्याचे कबूल केले आहे. काल रात्री निवांत बसून तुझे स्कॅन पाहिले. आता जे दिसले ते सविस्तर लिहितो.

उजवीकडची वरची पहिली मोठी दाढ तू नऊ वर्षांपूर्वी काढलीस. वरच्या मागच्या दाढांच्या मुळांच्या अगदी वर, गालाच्या आतल्या बाजूला, हवेने भरलेली एक पोकळी असते. तिलाच सायनस म्हणतात. आपल्या जुन्या घरातल्या माजघरावर जसा पोटमाळा असतो, तशी ती दाढांवर असते आणि मधली फळी म्हणजे जबड्याचे हाड. दाढ असते तोवर प्रत्येक घासाचा दाब मुळांमार्फत त्या हाडाला मिळत राहतो आणि हाड टिकते. दाढ गेली की तो दाब थांबतो आणि हाड दोन्ही बाजूंनी कमी होऊ लागते : खालून हिरडीचा उंचवटा झिजतो आणि वरून सायनसची पोकळी मुळांच्या रिकाम्या जागेत उतरत जाते. नऊ वर्षांत तुझी फळी दोन्हीकडून पातळ झाली आहे. स्कॅनमध्ये त्या जागी हाडाची उंची मला जेमतेम ३ मिलिमीटर मोजता आली. रुंदी मात्र ७ मिलिमीटरच्या आसपास आहे, त्यामुळे बाजूने वेगळे हाड लावावे लागणार नाही. एवढे तरी चांगले झाले.

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू. दाढेच्या जागी सहसा ८ ते १० मिलिमीटर लांबीचा घालतात. तो बसवला त्या दिवशी हाडात घट्ट पकडला गेला पाहिजे, कारण पुढचे काही महिने त्याची सूक्ष्मही हालचाल झाली तर त्याच्याभोवती हाड न येता मऊ तंतू येतात आणि स्क्रू सैल होतो. शिवाय वरच्या जबड्याचे मागचे हाड मुळातच सच्छिद्र आणि मऊ असते, आणि चावण्याचा जोर सगळ्यांत जास्त तिथेच पडतो. ३ मिलिमीटर मऊ हाडात १० मिलिमीटरचा स्क्रू घातला तर त्याचा बहुतेक भाग पोकळीत लटकत राहील. असा स्क्रू सरकून थेट सायनसमध्ये गेल्याची प्रकरणे घडतात, आणि मग तो बाहेर काढणे हीच एक शस्त्रक्रिया होऊन बसते. म्हणून त्या दुसऱ्या डॉक्टरांना तू एवढेच विचार की स्क्रू नेमका कोणत्या हाडात धरणार आहे, आणि ते हाड मला स्कॅनवर दाखवा. उत्तर ऐकून तूच ठरव.

हाड ५-६ मिलिमीटर उरले असते तर मी तुला हलका मार्ग सुचवला असता. स्क्रूसाठी केलेल्या छिद्रातूनच सायनसचा तळ हळूच वर सरकवून तीन-चार मिलिमीटर जागा करता येते, आणि बहुधा त्याच दिवशी स्क्रूही बसतो. त्या उंचीत सहा मिलिमीटरचा आखूड इम्प्लांट हाही विचार करण्याजोगा पर्याय ठरतो. तुझ्याकडे त्या दोन्हींपुरते हाड नाही. शेजारचे दोन दात घासून ब्रिज करता येईल, पण ते दोन्ही दात निरोगी आहेत आणि ते घासावेत असे मला वाटत नाही.

तेव्हा तुझ्यासाठी उरते ती बाजूची खिडकी. जागेवर भूल देऊन हिरडी उघडतात आणि दाढेच्या वर, गालाच्या बाजूच्या हाडात साधारण एक सेंटिमीटरची लांबट खिडकी कोरतात. कोरताना हाडाखाली निळसर-राखाडी छटा दिसू लागली की हात आणखी हलका करायचा, कारण आता सायनसचा पडदा आला. निरोगी पडदा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. शिकताना आम्ही कच्च्या अंड्यावर सराव करायचो : कवचाचा एक तुकडा घासून काढायचा, पण त्याखालचे पांढरे पापुद्र्यासारखे आवरण फुटू द्यायचे नाही. सायनसमध्ये हेच करायचे असते, फक्त इथे रक्त असते आणि रुग्ण श्वास घेत असतो. वाकड्या बोथट हत्यारांनी, त्यांची कड सतत हाडाला टेकवून ठेवत, पडदा तळापासून सोडवत वर ढकलायचा. पडदा अखंड असेल तर तो श्वासाबरोबर किंचित वर-खाली होताना दिसतो. तो दिसला की मला आजही हायसे वाटते.

पडदा फाटणे ही या शस्त्रक्रियेतली सगळ्यांत नेहमीची अडचण आहे आणि ती सावध हातांकडूनही घडते. काही वर्षांपूर्वी माझ्याच हातून एका बाईंचा पडदा फाटला. पोकळीच्या तळावर हाडाची एक उभी भिंत होती आणि तिच्या कडेवर पडदा घट्ट चिकटलेला होता. रक्तात बुडबुडे येऊ लागले, मग काळे भोक दिसले, एक सेंटिमीटरहून मोठे. लहान भोक असते तर कोलॅजेनचा तुकडा लावून पुढे जाता आले असते. मोठ्या भोकात हाडाचे दाणे भरले तर ते पोकळीत सांडतात, सायनसचे नाकाकडचे तोंड बंद होऊ शकते आणि पू धरतो. मी थांबलो, टाके घातले आणि बाईंना सगळे खरे सांगितले. चार महिन्यांनी पुन्हा उघडले आणि काम नीट झाले. तुझ्या स्कॅनमध्ये तशी भिंत नाही. पडदाही जाड झालेला नाही, हे मी मुद्दाम दोनदा पाहिले.

आता 'हाडाचे कलम' या शब्दाबद्दल. तू लिहितोस की हापूसच्या कलमासारखी काडी बांधायची आणि ती वाढायची, असे काहीसे असावे. इथे तसे नाही. आंब्याच्या कलमात काडी जिवंत असते. सायनसमध्ये आपण भरतो ते दाणे निर्जीव असतात. त्यांना पडवळाचा मांडव समज. मांडव स्वतः वाढत नाही, वेल त्याच्यावर चढतो. आधी दाण्यांमधल्या जागेत रक्त गोठते, मग आजूबाजूच्या हाडाच्या भिंतींतून बारीक रक्तवाहिन्या आत शिरतात आणि त्यांच्याबरोबर हाड घडवणाऱ्या पेशी येतात. म्हणूनच दाणे ठासून भरायचे नसतात, वाहिन्यांना वाट ठेवावी लागते. भिंतीजवळ हाड लवकर तयार होते, मध्यभागी आणि वर ते सगळ्यांत उशिरा पोचते. तुझ्याकडे खालची भिंत फक्त ३ मिलिमीटरची आहे आणि वर सात-आठ मिलिमीटर उंची मिळवायची आहे, म्हणून सहा ते नऊ महिने लागतात. हे महिने हाडाचे आहेत, डॉक्टरांना ते कमी करता येत नाहीत.

एक गोष्ट ध्यानात ठेव. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढलास तरी ती जागा पांढरीशुभ्र दिसेल, कारण दाणे स्वतःच एक्स-रेवर पांढरे दिसतात. तेव्हा चौथ्या महिन्यात फोटोवर पांढरे दिसते म्हणून स्क्रू बसवून टाका, असा आग्रह धरू नकोस. खरी परीक्षा ड्रिल करतानाच होते : आत घट्टपणा लागतो का, आणि रक्त येते का.

दाणे कशाचे, हे आधीच विचारून घे. बहुतेक वेळा वापरतात ते गाईच्या हाडापासून केलेले असतात, त्यातला सेंद्रिय भाग पूर्ण काढून टाकलेला असतो. काही डुकराच्या हाडाचेही असतात, आणि खिडकीवर लावायचे कोलॅजेनही सहसा प्राण्यापासूनच येते. काकूंना हे नंतर कळले तर त्यांना किती दुःख होईल, हे मी जाणतो. कॅल्शियम फॉस्फेटचे कृत्रिम दाणेही मिळतात आणि सायनसमध्ये ते चांगले काम देतात. तुझ्याच हनुवटीतून किंवा जबड्याच्या मागून थोडे हाड घेऊन त्यात मिसळता येते, पण त्यासाठी दुसरी जखम करावी लागते. एका दाढेपुरते ते मला गरजेचे वाटत नाही.

पहिले दोन आठवडे सगळ्यांत जपायचे. गाल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त सुजेल, निळसर डागही पडेल. नाकातून एक-दोन दिवस थोडे रक्त आले तर घाबरू नकोस. नाक शिंकरायचे नाही, शिंक आली तर तोंड उघडे ठेवून येऊ द्यायची, स्ट्रॉने किंवा शहाळ्यातून ओढून प्यायचे नाही, समुद्रात बुडी मारायची नाही. पण सूज पाचव्या दिवसानंतर पुन्हा वाढली, नाकाच्या त्याच बाजूने घाण वासाचा स्राव आला, ताप आला किंवा नाकातून वाळूसारखे दाणे पडले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव, उद्यावर टाकू नकोस.

आणि शंख. गणपतीत तुमच्या वाडीतला शंख तूच फुंकतोस. नाक-तोंडातला तो दाब थेट नुकत्याच उचललेल्या पडद्यावर येईल. म्हणून शस्त्रक्रिया गणपतीआधी करूच नये, असे माझे मत आहे. शिवाय पावसाळ्यात तुला सर्दी असतेच, आणि सर्दीत सायनस उघडायचे नसते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कर. फवारण्या सुरू होईपर्यंत टाके निघून तू मोकळा असशील. इम्प्लांट पुढच्या जूनमध्ये, आंब्याचा हंगाम आटोपल्यावर, म्हणजे हाडाला आठ महिने मिळतील. त्यानंतर स्क्रू हाडात जुळायला चार महिने, आणि कॅप पुढच्या ऑक्टोबरात. त्या वर्षीच्या गणपतीत शंख खुशाल फुंक.

तंबाखू-चुना मात्र आजपासून बंद कर. तंबाखूने रक्तवाहिन्या आवळतात, आणि या सगळ्या कामाची भिस्त त्यांच्यावरच आहे. साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी या आठवड्यात करून घे. गेल्या वेळी ती ८.४ होती. ती ७ च्या आसपास येईपर्यंत मी स्वतः तुला खुर्चीत बसवणार नाही, आणि तुझ्या डॉक्टरांनीही बसवू नये असे त्यांना माझ्या नावाने सांग.

अहवाल आला की फोन कर. सीडी मी ठेवून घेतो, ऑक्टोबरात नव्या स्कॅनशी ताडून पाहता येईल. काकूंना नमस्कार, वहिनींना आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सदा