टीएसएच थोडा जास्त आला की लगेच गोळी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात गंगापूर रोडवरच्या आमच्या निवृत्त मंडळींच्या क्लबात मी थायरॉईडवर बोललो. मी स्वतः रिटायर्ड फिजिशियन. बोलणं संपल्यावर बरेच जण पिशवीतून रिपोर्ट काढून माझ्यापुढे आले आणि बहुतेकांची तक्रार एकच, "पॅकेजमधे टेस्ट केली, टीएसएच लाल अक्षरात आलाय, आता गोळी चालू करू का?" म्हणून हे पत्र.

टीएसएच हे थायरॉईडचं हार्मोन नाहीच. मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी गळ्यातल्या थायरॉईडला काम कर म्हणून जो निरोप पाठवते तो टीएसएच. थायरॉईड सुस्तावली की निरोप वाढतो. पण वय वाढलं की निरोगी माणसातही हा आकडा थोडा वर सरकतो आणि लॅबच्या कागदावर मात्र 30 वर्षाच्या पोराला आणि 78 वर्षाच्या आजीला एकच रेंज छापलेली असते, साधारण 4 ते साडेचारच्या वर गेलं की लाल. त्यामुळे सत्तरीनंतर 6 किंवा 7 आला आणि फ्री टी4, म्हणजे थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन, नॉर्मल असेल तर बहुतेक वेळा घाबरण्यासारखं काही नसतं.

आमच्यातल्याच एका काकांचं उदाहरण त्यांच्या परवानगीने सांगतो. वय 76, नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर. थकवा वाटतो म्हणून फुल बॉडी पॅकेज केलं, टीएसएच 6.8. फ्री टी4 केलंच नाही, पुन्हा तपासलं नाही, थेट 50 मायक्रोग्रॅमची गोळी चालू झाली. थकवा गेला नाही म्हणून डोस 75 केला. काही महिन्यांनी रात्री झोप येईना, छाती धडधडायची, वजन उतरायला लागलं आणि घरच्यांना वाटलं वयाचं असेल. माझ्याकडे आले तेव्हा टीएसएच 0.1 च्या खाली होता, म्हणजे गोळीतून हार्मोन जास्त जात होतं म्हणून पिट्युटरीचा निरोपच जवळजवळ थांबला होता. या वयात असं बरेच दिवस राहिलं तर हृदयाची लय बिघडते, हाडं ठिसूळ होतात. ईसीजी सुदैवाने नीट होता. डोस टप्प्याटप्प्याने कमी करून बंद केला, त्यानंतर काही महिन्यांनी टीएसएच 5.9, फ्री टी4 नॉर्मल, आणि थकव्याचं खरं कारण निघालं हिमोग्लोबिन, ते 9 होतं!

2017 मधे युरोपातल्या चार देशांत 65 च्या पुढच्या 737 लोकांवर याचा मोठा अभ्यास झाला, त्यांचाही टीएसएच सरासरी साडेसहाच्या आसपासच होता. अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना नुसती साखरेसारखी. वर्षानंतर थकव्यात काहीच फरक नाही.

म्हणून आकडा किंचित वर आला तर आधी दोन-तीन महिन्यांनी टीएसएच आणि फ्री टी4 परत करा, बरेचदा तो आपोआप खाली येतो. ताप, न्यूमोनिया किंवा ऑपरेशनमधून उठल्या उठल्या ही टेस्ट करू नका, तेव्हा आकडा तात्पुरता बदलतो. केसांसाठी बायोटिनची गोळी घेत असाल तर लॅबला सांगा आणि निदान दोन दिवस ती बंद ठेवा, नाहीतर काही मशिनवर रिपोर्ट चक्क उलटा येतो, थायरॉईड जास्त चालतंय असं दाखवतो. टीएसएच 10 च्या वर टिकून राहिला किंवा फ्री टी4 कमी आलं तर मात्र बहुधा औषध लागतं, ते डॉक्टरांशी बोलून ठरवा.

मग टेस्ट कोणी करायचीच? गळ्याचं ऑपरेशन किंवा रेडिएशन झालेल्यांनी, हृदयासाठी अमिओडेरोन किंवा मानसिक आजारासाठी लिथियम घेणाऱ्यांनी, ज्यांच्या हृदयाचे ठोके नव्याने अनियमित झालेत त्यांनी, आणि ज्यांना थंडी सहन होत नाही, आवाज घोगरा झालाय, बद्धकोष्ठता, विसरभोळेपणा असं काहीतरी नव्याने आणि एकत्र सुरू झालंय त्यांनी. नातवंड झालं असेल तर त्याच्या टाचेच्या रक्ताची थायरॉईड टेस्ट झाली का हे नक्की विचारा, तिथे उशीर झाला तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. काही त्रास नसताना दरवर्षी पॅकेजमधे आहे म्हणून करायची गरज मला दिसत नाही. गळ्याची सोनोग्राफी तर अजिबातच नको, दक्षिण कोरियात सरसकट केल्यावर थायरॉईड कॅन्सरचे आकडे सुमारे 15 पट वाढले, मृत्यू मात्र तेवढेच राहिले.

आणि एक कळकळीची विनंती, हे वाचून चालू गोळी कोणी स्वतःहून बंद करू नका. एक ताई मला विचारत होत्या, त्यांची थायरॉईड काढलेली आहे, त्यांना ती आयुष्यभर लागणारच, रोज सकाळी उपाशीपोटी, आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब.

आपला,
एक निवृत्त फिजिशियन, नाशिक