सागर, भाऊंना दिलेली दोन उत्तरं

धरणगाव, २ सप्टेंबर

चि. सागर यास,
आशीर्वाद.

परवा ओट्यावर शेजारच्या भाऊंनी तुला दोन गोष्टी विचारल्या. बीटी कापसावर तुडतुडे का येतात? तू म्हणालास, बीटी रसशोषक किडींसाठी नाहीच. बरोबर, आणि तिथे 'बहुधा' लावायची गरजही नव्हती. मग त्यांनी विचारलं, गुलाबी बोंडअळीची फवारणी लागेल का? तू त्याच सुरात म्हणालास, "बीटी आहे ना, लागत नाही." ते निवांत घरी गेले. माझ्या मात्र पोटात गोळा आला.

हेच वाक्य २०१७ ला एका दुकानदाराने मला सांगितलं होतं. तो खोटारडा नव्हता. २००६ ला बोलगार्ड-२ हे नवं बीटी बियाणं आलं तेव्हा ते खरंच होतं. पुढे गुलाबी अळीला बीटीतलं विष पचायला लागलं. हिरव्या अळीवर त्याचा जोर बराच टिकला, गुलाबीवर गेला. त्या साली पऱ्हाटी वरून हिरवीगार होती. आईने एक बोंड दाताने फोडलं तर आत दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या, मधे अळी. वरून छिद्र दिसत नव्हतं. तोवर अर्धं पीक कवडी झालं होतं.

म्हणून अशा उत्तरात साल आणि अट दोन्ही यायला हवं. भाऊंना असं सांग: "गुलाबी अळीवर बीटीचा आता भरवसा नाही. फवारायचं की नाही, हे तुमचं शेत सांगेल. कामगंध सापळ्यात रोज रात्री ८ पतंग, असे सलग ३ रात्री आले, तर फवारा. डोमकळ्या, म्हणजे न उमलता मिटलेली फुलं, दिसतात का तेही बघा." डोमकळीत अळी असते, हे मात्र ठासून सांग. ते बदलत नाही.

आणि बीटीमुळे उत्पन्न किती वाढलं, असं कोणी विचारलं, तर एक आकडा फेकू नकोस. २००२ नंतर उतारा वाढला, हे खरं. त्यातला किती वाटा बीटीचा आणि किती खताचा, पाण्याचा, नव्या वाणांचा, यावर जाणकारांत वाद आहे. वाद आहे एवढंच सांगून थांबू नकोस, कशावरून आहे तेही सांग: हे सगळं एकाच काळात बदललं, म्हणून वेगळं काढणं अवघड. भावाचं तर तू जाणतोसच, तारीख आणि बाजार सांगितल्याशिवाय आकडा तोंडातून काढायचा नाही.

भाऊंना आजच फोन कर. आपलंच उत्तर दुरुस्त करतोय, असं स्पष्ट म्हण. त्यांना राग येणार नाही, मी ओळखतो त्यांना.

आपल्या सापळ्यात काल ५ पतंग होते, आज ९. उद्या पहाटे मोजून कळवतो.

तुझे आप्पा