बाबांच्या पायावरची पेनाची रेघ

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर तुम्ही दोघंही एकदम बोलता आणि मग माझं बोलणं कुणालाच ऐकू जात नाही, म्हणून आज लिहितेय. बाबा म्हणतात, "लाली अजून गेली नाही, म्हणजे औषध लागू पडत नाही." आई म्हणते, "ताप उतरला, आता कशाला एवढ्या गोळ्या?" एकाच पायाकडे बघून तुम्ही दोन उलट निष्कर्ष काढलेत, आणि दोन्ही चुकीचे आहेत. रागावू नका. वॉर्डात इतकी वर्षं काढूनही सोमवारी रात्री फोनवर मीही चुकलेच. तिथूनच सुरुवात करते.

सोमवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला बाबांना हुडहुडी भरली. दोन पांघरुणं घेऊनही दात वाजत होते, ताप 102. खोकला नाही, सर्दी नाही, लघवीला जळजळ नाही. बाबा म्हणाले "व्हायरल असेल", आणि मीही "हो, असेल" म्हटलं. तेव्हा मी एकच विचारायला हवं होतं: पायजमा वर करून दोन्ही पाय बघितलेत का? बाबांना झालाय त्या सेल्युलायटिसमध्ये, म्हणजे कातडीखालच्या जंतुसंसर्गात, पुष्कळदा असंच होतं. थंडी आणि ताप आधी येतात आणि कातडीवरची लाली काही तासांनी दिसते. रात्री बाबांची जांघ दुखत होती, ते चालून दुखतेय असं समजले. ते अवधाण होतं. पायातला संसर्ग अडवायला जांघेतल्या गाठी सुजतात.

मंगळवारी सकाळी आईला नडगीच्या खालच्या भागावर तळहाताएवढा लाल चट्टा दिसला. हात लावला तर गरम, कातडी ताणलेली आणि चकाकणारी. "काहीतरी चावलं असेल" म्हणून तुम्ही त्यावर लेप लावलात आणि दिवस गेला. संध्याकाळी मला फोटो आला तेव्हा लाली घोट्यापासून पोटरीच्या मध्यापर्यंत चढली होती. डॉक्टरांनी रात्री आठ वाजता पाय पाहिला, म्हणजे हुडहुडी भरल्यापासून 26 तासांनी. सगळं निभावलं, पण यातले बारा तास तरी वाचले असते.

या बारा तासांचा एवढा बाऊ का करतेय, ते सांगते. हा आजार कातडीच्या खोल थरात आणि तिच्याखालच्या चरबीत होतो. बहुतेक वेळा करणी स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूंची असते. ऊतींना सांधून ठेवणारा चिकट पदार्थ विरघळवणारी रसायनं हे जंतू सोडतात, त्यामुळे ते गळवासारखे एका जागी पू करून बसत नाहीत, आडवे पसरत जातात. याच्याच वरवरच्या थरातल्या भावंडाला मराठीत धावरं म्हणतात. ज्यानं कुणी हा शब्द काढला, त्यानं तो पाय तासातासाला बघितला असणार. पसरता पसरता जंतू रक्तात उतरले तर सेप्सिस होतो. रक्तदाब पडतो, मूत्रपिंडं हात टेकतात, आणि मग घरी गोळ्या घेऊन भागत नाही. दुसरं नुकसान हळू होतं, म्हणून लक्षात येत नाही. पायातलं जास्तीचं पाणी वर नेणाऱ्या बारीक लसवाहिन्या प्रत्येक हल्ल्यात थोड्या खराब होतात. पाय सुजलेला राहतो, आणि सुजलेल्या पायात हे जंतू पुढच्या वेळी आणखी सहज रुजतात. संसर्ग जितका कमी वेळ टिकेल तितक्या या वाहिन्या वाचतात.

आता मंगळवारी रात्री डॉक्टरांनी केलेल्या तीन गोष्टी, कारण त्या वेळी तुम्हाला त्या फालतू वाटल्या होत्या.

त्यांनी दोन्ही पाय शेजारी ठेवून पाहिले. हा आजार जवळजवळ नेहमी एकाच पायाला होतो. दोन्ही पाय सारखेच लालसर असतील आणि ताप नसेल, तर कारण बहुधा शिरांमध्ये साचणारं रक्त किंवा इसब असतं, आणि तिथं अँटिबायोटिक देऊन उपयोग नसतो. शिरेत रक्ताची गुठळी झाली तरीही एकच पाय सुजतो आणि दुखतो, म्हणून शंका आली तर सोनोग्राफी करतात. बाबांच्या बाबतीत कडकडीत ताप, हाताला लागणारी ऊब आणि स्पष्ट कडेचा चट्टा होता, त्यामुळे तिची गरज पडली नाही.

मग त्यांनी बोटांच्या बेचक्या उघडल्या. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामध्ये कातडी पांढरी, ओली, भेगाळलेली. चिखल्या. बाबा, त्या कित्येक महिने असणार, तुम्ही कधी बोलला नाहीत. जंतू तिथूनच आत गेले. लाली नडगीवर आणि दार बोटांत, म्हणून कुणाचं तिकडे लक्ष जात नाही.

आणि त्यांनी बॉलपेननं लालीच्या कडेनं रेघ मारली आणि शेजारी तारीख आणि वेळ लिहिली. आई, तू म्हणालीस, "पायावर काय लिहितात!" ती रेघ या आठवड्यातली सगळ्यात कामाची तपासणी आहे. नुसत्या डोळ्यांनी "वाढलं की कमी झालं" हे ठरवायला गेलं की आपली भीतीच उत्तर देते. (सावळ्या कातडीवर लाली जांभळट किंवा काळपट दिसते, कधी नीट दिसतही नाही. तिथं ऊब आणि ताण हातानं चाचपून कड शोधावी लागते.)

बाबांना घरीच ठेवलं, कारण रक्तदाब ठीक होता, श्वास शांत होता, बोलणं सुसंगत होतं आणि गोळी पोटात टिकत होती. उलट्या होत असत्या किंवा नाडी धावत असती, तर अँटिबायोटिक शिरेतून द्यावं लागलं असतं.

आता बाबांचं म्हणणं. पहिली गोळी मंगळवारी रात्री साडेनऊला घेतली. बुधवारी दुपारी लाली रेघेच्या बोटभर बाहेर गेली आणि तुम्ही घाबरलात. पहिल्या दिवसात असं होऊ शकतं. जंतू मरू लागले तरी त्यांच्यामुळे पेटलेली सूज लगेच विझत नाही. त्या वेळी माणूस कसा आहे ते बघायचं, आणि बुधवारी रात्री ताप 100 वर आला होता, तुम्ही पोटभर जेवलाही होतात. आज शुक्रवार, तीन दिवस झाले. ताप नाही, कड रेघेच्या आत सरकलीय, आणि सकाळच्या फोटोत मला घोट्याजवळ बारीक सुरकुत्या दिसल्या. लालीपेक्षा मी त्या सुरकुत्यांवर जास्त विश्वास ठेवते, कारण ताण उतरल्याशिवाय त्या पडत नाहीत. रंग अजून दोन-तीन आठवडे रेंगाळेल, तपकिरी होईल, कातडीचा पापुद्रा निघेल. औषध फसलं असा त्याचा अर्थ नाही. तीन दिवसांनीही ताप तसाच असता किंवा कड पुढेच जात असती, तर औषध बदलण्याचा किंवा आत पू साचलाय का हे बघण्याचा प्रश्न आला असता.

आणि आईचं म्हणणं. ताप उतरला म्हणजे जंतूंची संख्या घटली, संपली असं नाही. डॉक्टरांनी सेफॅलेक्सिन 500 मिलिग्रॅम, दिवसातून 4 वेळा, 7 दिवस दिलंय. उतार चांगला असेल तर यापेक्षा कमी दिवसही कधी पुरतात, पण ते पाय पाहून डॉक्टरांनी ठरवायचं. चार वेळा म्हणजे साधारण सहा-सहा तासांनी. बाबा रात्रीची गोळी "झोप लागली" म्हणून गाळतात, हे मला त्यांच्या पाकिटात उरलेल्या गोळ्या मोजून कळलं. व्हिडिओवर मोजल्या, हो. हे औषध शरीरातून लवकर बाहेर पडतं, म्हणून चौथी गोळी गाळली की पहाटेपर्यंत जंतूंना मोकळं रान मिळतं.

दुखण्यासाठी फक्त पॅरासिटामॉल. कपाटातली ती दुसरी वेदनाशामक गोळी नको. रक्तदाबाच्या औषधांसोबत ती मूत्रपिंडांना जड जाते, शिवाय खोलवर काही बिघडत असेल तर त्याची वेदना दडवून ठेवते. बाबांची साखर या आठवड्यात 240 पर्यंत गेली, ती संसर्गामुळे. मधुमेहाच्या गोळ्या मनानं वाढवू नका, आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा. पाय वर ठेवणं म्हणजे स्टुलावर ठेवणं नव्हे. आडवं पडून टाचेखाली उशा, टाच छातीपेक्षा उंच. मालीश नको, गरम शेक नको, लेप तर नकोच.

पुढचं काही दिसलं तर मात्र रेघही बघत बसू नका, मला फोनही नंतर करा, आधी सरळ इस्पितळ गाठा: चट्टा दिसतो त्या मानानं वेदना भलतीच जास्त असेल, कातडी जांभळी-काळी पडली, पाण्याचे किंवा रक्ताचे फोड आले, दाबल्यावर आत बुडबुडे फुटल्यासारखी करकर हाताला लागली, किंवा दुखणारा भाग अचानक बधिर झाला. तेव्हा संसर्ग आणखी खोल उतरलेला असू शकतो, आणि तिथं नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, शस्त्रक्रिया लागते, तीही तासांच्या हिशोबात. तसंच बाबा असंबद्ध बोलू लागले, धाप लागली, लघवी कमी झाली, तरीही. आई, हे तू बघायचंस, कारण बाबा "मी ठीक आहे" असंच म्हणणार. आणि तुमच्या वयात ताप येतोच असं नाही. कधी नुसती गळून गेल्यासारखी अवस्था किंवा गोंधळलेपण एवढंच दिसतं.

चिखल्यांचं मलम डॉक्टरांनी लिहून दिलंय ते पायाची लाली गेल्यावरही सांगितलेले सगळे दिवस लावायचं. आंघोळीनंतर प्रत्येक बेचकी कोरडी पुसायची. कोरड्या नडगीला मॉइश्चरायझर चालेल, बेचकीत नाही. एकदा झालेल्या या आजाराला त्याच पायात परत येण्याची खोड असते, आणि बाबांचं दार अजून उघडंच आहे.

उद्या सकाळी आठ वाजता, पाय रात्रभर वर ठेवल्यानंतर, त्याच खिडकीपाशी फोटो काढ आई. दोन्ही पाय एका फोटोत हवेत, आणि बेचकीचा वेगळा.

तुमची,
छोटी

ता. क. बाबा, रेघ साबणानं घासून काढलीत हे आत्ता आलेल्या फोटोत दिसलं. शेजारची तारीख राहिलीय. आईकडून आजच्या कडेवर नवी मारून घ्या.