२१ नावं आणि एक अडकित्ता

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

हे पत्र तुम्हाला घरी आणून देता आलं असतं. पण मोठ्या कुटुंबाची गोष्ट लिहायला बसलेलं दुसरं कुणी माझ्यासारखंच अडकलं असेल, तर त्यालाही ते वाचता यावं म्हणून उघडच लिहिते आहे.

मार्चमध्ये कादंबरीचं पहिलं प्रकरण घेऊन मी तुमच्याकडे आले होते. राजापूरजवळचं जुनं घर विकायचं आहे आणि सह्यांसाठी सगळे वारस गणपतीत एकत्र जमतात, अशी ती गोष्ट. प्रकरण 11 पानांचं होतं. तुम्ही ते स्वतः वाचलं नाहीत. शेजारच्या दोघींना बोलावलंत आणि मला मोठ्याने वाचायला लावलंत. मग चहा झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, आणि अर्ध्या तासाने तुम्ही त्या दोघींना सहज विचारलंत, "काय हो, त्या घरात कोण कोण आलं होतं?"

दोघींना तीनच माणसं आठवली. पडवीत सुपारी कातरत बसलेली म्हातारी, चपला मोजणारा मुलगा आणि "तो एक, कुणाशीच न बोलणारा". नाव एकाचंही आठवलं नाही. मी घरी येऊन मोजली, तर त्या 11 पानांत 21 नावं होती. तुम्ही मला एवढंच म्हणालात, "अगं, हा सातबारा झाला. वारसनोंदीत सगळ्यांची नावं लागतात, गोष्टीत नाही."

माझं एक वाक्य तुम्ही वहीत उतरवून घेतलं होतंत: "वसंतरावांचे धाकटे चुलतभाऊ श्रीधरपंत, त्यांच्या पत्नी सुधाताई, सुधाताईंची नणंद सुमन आणि सुमनचा मोठा मुलगा सुहास ओसरीवर बसले होते." यात चूक कुठे आहे, ते मला खरंच दिसत नव्हतं. तुम्ही दाखवलंत की एका वाक्यात चार माणसं आणि चार नाती आहेत, पण घडतं काय, तर सगळे बसले आहेत. वाचकाने यांना कशाला धरून लक्षात ठेवायचं? त्यातून सुधा, सुमन, सुहास आणि पुढच्याच पानावर सुनंदा. वाचणारा प्रत्येक नाव अक्षर लावून वाचत नाही, सुरुवात बघतो आणि पुढे सरकतो. चौघांची सुरुवात 'सु'ने झाली की दहाव्या पानावर ती एकमेकांत मिसळणारच. आमच्या घरात खरोखर अशी नावं आहेत म्हणून मी हट्ट धरला होता. शेवटी सुधा ठेवली, बाकीच्यांची माणिक, गजानन आणि यमुना झाली.

नावांचाच दुसरा घोळ तुम्ही दाखवलात, आणि तो मला जन्मात सापडला नसता. वसंतराव निवेदनात वसंतराव, भावांसाठी दादा, पुतण्यांसाठी नाना आणि बायकोसाठी नुसतेच "अहो". म्हणजे माझ्या 21 माणसांची वाचकापुढे चाळीसेक नावं झाली होती. शिवाय आमच्याकडे मुलं आईला 'वहिनी' म्हणतात, कारण घरातले सगळेच तिला वहिनी म्हणायचे. मला त्यात काही वेगळं वाटत नाही, पण बाहेरच्या वाचकाला ती मुलगा आणि आई आहेत हे कळायला मार्गच नाही. तुमचा उपाय साधा होता. निवेदकाने एका माणसाला शेवटपर्यंत एकाच नावाने हाक मारायची. पात्रांनी काय म्हणायचं ते म्हणावं, पण पहिल्या वेळी हाकेशेजारी निवेदकाचं नाव दिसलं पाहिजे.

कुसुमआत्याचं लग्नानंतरचं नाव वैदेही, हेही मी पहिल्याच पानावर सांगून टाकलं होतं. तुम्ही ते खोडलंत आणि म्हणालात, "हे नाव सहीच्या दिवसासाठी ठेव." आता ते नवव्या प्रकरणात येतं. उताऱ्यावर एक नाव, आधार कार्डावर दुसरं, आणि सगळे टेबलाभोवती थांबलेले. जी माहिती सुरुवातीला नुसतं ओझं होती, तिच्यावर आता अख्खं प्रकरण उभं आहे.

पण माझी कादंबरी खरी सावरली ती नात्यांच्या गोष्टीने. तुम्ही विचारलंत, "नातं सांगतेस कशाला? आपल्या भाषेत ते हाकेतच असतं." आणि तिथल्या तिथे एक वाक्य करून दाखवलंत: "वन्सं, माडी तुम्हाला झेपायची नाही हो, तुम्ही आपल्या खालीच झोपा." बोलणारी भावजय, ऐकणारी नवऱ्याची बहीण, हे 'वन्सं'वरून कळलं. मान राखून माडीवरची खोली बळकावली जाते आहे, हेही कळलं. मी 'नणंद' हा शब्द वापरून जे सांगू शकले नव्हते, ते खोलीच्या भांडणाने सांगितलं. हे सगळीकडे चालत नाही, हेही तुम्हीच बजावलंत. 'काका' शेजारचाही असतो, 'दादा' भाऊही असतो आणि वडीलही. तिथे हाकेवर विसंबायचं नाही, एका वाक्यात नातं सरळ सांगून मोकळं व्हायचं.

त्याच दिवशी तुम्ही कपाटातून 'युद्ध आणि शांती' काढलंत. इतकी माणसं असलेली कादंबरी, पण पहिल्या प्रकरणात समोर दोघंच आहेत. 1805 सालच्या जुलैमधली संध्याकाळ, मेजवानीची यजमानीण आना पाव्लोव्ना आणि सगळ्यांच्या आधी आलेला प्रिन्स वासिली. त्याची मुलं तिथे नाहीत, तरी आपल्याला कळतात, कारण त्यांची सोय लावायची काळजी बापाला आहे. एकासाठी नोकरी बघायची आहे, दुसऱ्यासाठी श्रीमंत घरातली मुलगी. दिवाणखाना भरतो तो पुढच्या प्रकरणात. "आधी दोघं बोलू देत," तुम्ही म्हणालात, "बाकीच्यांची वाट बघायला लाव."

म्हणून माझं प्रकरण आता पहाटे सुरू होतं. कुसुमआत्या पडवीत अडकित्ता घेऊन बसली आहे आणि घर सांभाळणारा दिनू अंथरुणं मोजतो आहे. कोण कुठे झोपणार, एवढाच प्रश्न. "पुण्याची माडीवर," दिनू म्हणतो. "त्यांना खाली दे," आत्या म्हणते, "माडीवर गेली की पेट्या उघडत बसतील." पुण्याची किती, कोण, कुणाची, काही सांगितलेलं नाही. त्यांच्यावर आत्याचा विश्वास नाही, एवढं मात्र पक्कं कळतं. तिसऱ्या पानापर्यंत नावं दोन, प्रकरण संपेपर्यंत सहा. 'पुण्याची' आणि 'मुंबईची' या दोन गाठोड्यांतली माणसं पुढे एकेक करून सुटतात. चार माणसं तर कादंबरीतूनच गेली. त्यांना घरात काही हवंच नव्हतं, हे लिहिताना लक्षात आलं.

वंशावळ पुस्तकाच्या सुरुवातीला छापायची का, यावर आपण बराच वेळ बोललो. तुमचं म्हणणं मला पटलं. हवी तर छापावी, पण पहिलं प्रकरण वाचताना कुणाला तिकडे पान उलटावं लागलं, तर प्रकरण पुन्हा लिहायचं. नवा खर्डा मी तिघांना वंशावळीशिवाय दिला. दोघांना सहाच्या सहा माणसं सांगता आली. तिसऱ्याने गजाननला दिनूचा भाऊ समजलं. ते पान मी परत लिहिते आहे, कारण तिथे गजाननला कुणी हाकच मारलेली नाही.

बाई, शाळेत तुम्ही माझे निबंध तपासलेत आणि आता चाळिशीतही माझ्यासाठी पेन्सिल हातात घेतलीत. तुमचे आभार मानायला मी उशीर केला. दुसऱ्या प्रकरणात पुण्याची गाडी अंगणात येते, पाच माणसं उतरतात आणि नावं फक्त दोघांची कळतात. रविवारी चार वाजता घेऊन येते. शेजारच्या त्या दोघींनाही बोलावून ठेवा.

तुमची विद्यार्थिनी