अंगठी वेळेत निघाली

काठमांडू, ४ डिसेंबर

ती. सौ. आईस,
सा. न.

उजव्या हाताला पट्टी असल्यामुळे डाव्या हाताने टाइप करत आहे. दोन बोटांना हिमदंश झाला असला तरी ती शाबूत आहेत. थोरोंग ला ही खिंड ५,४१६ मीटरवर आहे. तेथे बुटांखाली लोखंडी खिळे चढवण्यासाठी मी हातमोजा काढला आणि दहा मिनिटे उघड्या बोटांनी वाऱ्यात झगडलो. मधले बोट आणि अनामिका आधी ठणकली, मग मेणासारखी पांढरी, कडक झाली आणि टोचलेले कळेना. ठणका थांबला म्हणून मला बरे वाटले, तीच चूक होती.

"शेकोटी होती, तर तिथेच का नाही शेकलीस?" असे तू फोनवर विचारलेस. खाली मुक्तिनाथपर्यंत अजून चार तासांची थंडी होती, आणि वितळलेले बोट पुन्हा गोठले तर इजा पहिल्यापेक्षा वाईट होते. म्हणून बोटांमध्ये सूज येण्याआधी अंगठी काढली, कोरडा हातमोजा चढवला आणि उतरलो. पाय गोठले असते, तरी गोठलेल्या पायांनीच चालत उतरणे बरे. एकदा वितळले की त्यांवर चालता येत नाही.

इकडच्या लॉजमध्ये एक विचित्र पद्धत आहे. जेवणाच्या टेबलाखाली निखाऱ्यांची परात ठेवतात, टेबलावरून जाड घोंगडी जमिनीपर्यंत सोडतात आणि सगळे तिच्यात पाय घालून बसतात, म्हणजे वर जेवण आणि खाली शेगडी! मालकीणबाईंनी प्रेमाने माझा हात तिथे ओढला, पण बधिर बोटाला भाजलेले कळत नाही. त्या मोहरीचे तेल चोळू लागल्या तेव्हाही मी नको म्हटले, कारण चोळल्याने आतली पेशीजाळी फाटते. तूही तेच सुचवले होतेस, म्हणून रागावू नकोस.

मोठ्या पातेल्यात ३७ ते ३९ अंशांचे पाणी घेतले, ताप मोजायच्या थर्मामीटरने तपासले. पाणी निवले की हात बाहेर काढून गरम पाणी मिसळत होतो. अर्ध्या तासाने बोटे मऊ, तांबूस-जांभळी झाली. त्या वेळच्या कळांबद्दल काही लिहीत नाही, आयबुप्रोफेन घेतली. मग हात न पुसता वाऱ्यावर सुकवला आणि बोटांमध्ये सैल कापूसपट्टी ठेवली. दुसऱ्या दिवशी पोखऱ्याला डॉक्टरांकडे गेलो. फोडांत स्वच्छ पाणी आहे, रक्त नाही, हे चांगले लक्षण आहे असे ते म्हणाले. फोड फोडायचे नाहीत. किती त्वचा टिकेल ते काही आठवड्यांनीच कळेल, तोवर कापाकापीची घाई कोणी करत नाही.

या महिन्यात पंधरा हजार कमी पाठवत आहे, उपचारात गेले. सिगारेट सोडली आहे, रक्तवाहिन्या आवळतात म्हणून. ओढत होतो हे तुला आता कळले. आणि मुलीकडच्यांना तूच सांग, की साखरपुड्याची अंगठी माझ्या बॅगेत आहे, फक्त बोटात नाही.

तुझा,
अमोल