तिसऱ्या आकड्याबद्दल

प्रिय सुमे,

फोनवर तू रडत होतीस, म्हणून सगळं नीट बोलता आलं नाही. आज दवाखाना लवकर आटोपला, तेव्हा सविस्तर लिहिते. पाऊस थांबायचं नाव घेत नाही, त्यामुळे तुम्हा गुहागरकरांची काळजी जास्तच वाटते आहे.

बीटा एचसीजीचे, म्हणजे गर्भ राहिल्यावर रक्तात वाढणाऱ्या संप्रेरकाचे, तुझे दोन्ही रिपोर्ट मी पाहिले. सोमवारी सकाळी 620, बुधवारी त्याच वेळेला 790. आकडा वाढला म्हणून सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली, आणि तू इंटरनेटवर 'दुप्पट व्हायला हवा' असं वाचून हाय खाल्लीस. खरं या दोन्हींच्या मध्ये आहे. आकडा 48 तासांत दुप्पट झालाच पाहिजे, असं नाही. सुरुवातीचा आकडा 1500 च्या आत असेल, तर गर्भपिशवीत नीट वाढणाऱ्या जवळजवळ सगळ्या गर्भांमध्ये तो दोन दिवसांत निदान 49 टक्के वाढतो. म्हणजे तुझा 620 चा आकडा साधारण 924 पर्यंत जायला हवा होता. तो 790 झाला, वाढ 27 टक्के. सुमे, तुझ्यापासून लपवणार नाही, ही वाढ कमी आहे आणि मला काळजी वाटते. पण शंभर चांगल्या गर्भांतल्या एखाद्याचा आकडा त्या 49 टक्क्यांहून हळू वाढतो. म्हणून एवढ्या एका जोडीवरून कोणी गर्भ पाडायचं औषध दिलं, तर घेऊ नकोस. शुक्रवारी तिसऱ्यांदा रक्त द्यायचं आहे.

सोनोग्राफीत पिशवी रिकामी दिसली, याचा धसका घेऊ नकोस. 790 ला बहुधा काही दिसतच नाही. आकडा 3500 च्या वर गेला आणि तरीही पिशवीत काही दिसलं नाही, तर मात्र संशय बळावतो.

शुक्रवारी काय होऊ शकतं ते सांगते. आकडा छान उसळला, तर आपण थांबू आणि आठवड्याभराने पुन्हा सोनोग्राफी करू. आकडा उतरला, तर गर्भ टिकत नाही हे जवळपास ठरेल. पण तेव्हाही तो किती वेगाने उतरतो ते बघायचं. आपोआप पडून जाणाऱ्या गर्भात तो झपाट्याने खाली येतो. रेंगाळत उतरला, तर पिशवीत काही उरलेलं असू शकतं, नाहीतर गर्भ पिशवीबाहेर, बीजवाहक नळीत रुजलेला असू शकतो. म्हणून आकडा पार 5 च्या खाली जाईपर्यंत तपासत राहायचं. 'उतरला ना, मग झालं' म्हणून घरी बसलेल्या बाया नंतर पोटात रक्तस्राव होऊन आलेल्या मी पाहिल्या आहेत.

तिसरी शक्यता मला सगळ्यात जास्त छळते. आकडा 850, 900 असा कुथत राहिला, धड वाढेना की उतरेना, तर नळीतल्या गर्भाचा विचार आधी करावा लागतो. तो वेळेत कळला, तर कित्येकदा इंजेक्शनवर भागतं. पण आकडा लहान आहे म्हणजे नळी फुटणार नाही, असं मुळीच समजू नकोस. लहान आकड्यालाही ती फुटते.

भावोजी तिसरी तपासणी मुंबईला करू म्हणत होते, ते नको. प्रत्येक लॅबचं यंत्र आणि किट वेगळं असतं, त्याच रक्ताचा आकडाही वेगळा येतो. मग वाढ किती हे ठरवणार कशावर? चिपळूणच्या त्याच लॅबमध्ये, त्याच वेळेला रक्त दे. आणि शक्य असेल तर निकाल लागेपर्यंत चिपळूणला नणंदेकडेच राहा. एका बाजूला ओटीपोटात कळ आली, खांद्याच्या टोकाशी दुखायला लागलं, भोवळ आली किंवा अंगावरून खूप रक्त जायला लागलं, तर रिपोर्टची वाट न बघता थेट मोठ्या हॉस्पिटलात जायचं, रात्र असली तरी. अशा पावसात गुहागरहून निघून पोचायला किती वेळ लागेल कोण सांगणार! तुझा रक्तगट निगेटिव्ह असेल, तर तिथल्या डॉक्टरांना आधीच सांग, अँटी-डी इंजेक्शन लागतं का ते ठरवतील.

आणि पपई खाल्ली, कळशी उचलली, म्हणून हे झालं असं कोणी म्हणालं, तर माझं नाव सांग. लवकर पडणाऱ्या गर्भांपैकी साधारण निम्म्यांमध्ये गुणसूत्रांतच चूक असते. ती गर्भ धरतानाच ठरलेली असते. तू काही केलेलं नाहीस.

शुक्रवारी रिपोर्ट हातात आला की रक्त दिल्याच्या वेळेसकट मला कळव. मी रात्री उशिरापर्यंत जागी असते.

तुझी,
मंदा